शंभरातले ते सहा

एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर मी काही वर्षं काम केलं. औषधचाचणीचा प्रस्ताव आला की संमतीपत्रावर बारकाईने चर्चा व्हायची. रुग्णाला प्रवासखर्च किती द्यायचा, रक्त किती वेळा काढायचं, भाषा सोपी आहे का, यावर तासभर जायचा आणि तो जायलाच हवा. पण त्याच प्रस्तावात संख्याशास्त्राच्या पानावर एक ओळ असायची: ‘नॉन-इन्फिरिऑरिटी मार्जिन ६ टक्के, आधीच्या चाचण्यांप्रमाणे.’ त्या ओळीवर कुणी बोलत नसे. मीही बोलत नव्हते. आज मला वाटतं की त्या सगळ्या कागदपत्रांत रुग्णाच्या जिवाशी सर्वांत थेट संबंध असलेली ओळ तीच होती.

नवीन औषध जुन्यापेक्षा चांगलं आहे असं दाखवायचं असेल तर चाचणी साधी असते. पण अनेकदा दावा वेगळाच असतो: नवा उपचार छोटा आहे, सोपा आहे, स्वस्त आहे आणि परिणामात जुन्यापेक्षा ‘फारसा वाईट नाही’. या ‘फारसा’ची किंमत आकड्यात सांगावी लागते. नव्या उपचारामुळे शंभरात जास्तीत जास्त किती रुग्णांचं अधिक नुकसान झालं तरी आपण तो स्वीकारू, हा आकडा म्हणजे मार्जिन. चाचणी संपल्यावर दोन उपचारांतला फरक मोजतात. तो एका आकड्यात नेमका कळत नाही, म्हणून त्याभोवती कॉन्फिडन्स इंटरव्हल काढतात. खरा फरक जिथे असण्याची वाजवी शक्यता आहे असा तो पट्टा. पट्ट्याचं वाईट टोक मार्जिनच्या आत राहिलं तर नवा उपचार पास, बाहेर गेलं तर नापास. म्हणजे निकाल जितका औषधावर अवलंबून असतो तितकाच चाचणी सुरू होण्याआधी ठरवलेल्या त्या एका आकड्यावर.

क्षयरोगात हे फार स्पष्ट दिसतं. टीबीचा प्रमाणित उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन. दोन-अडीच महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस कामाला लागतो आणि मग उरलेल्या गोळ्या घ्यायला कुणाला आवडत नाही. म्हणून उपचार चार महिन्यांवर आणण्याची धडपड कित्येक वर्षं चालली आहे. फ्लुओरोक्विनोलोन गटातली औषधं आली तेव्हा आशा वाढली. उंदरांवरचे प्रयोग उत्साहवर्धक होते आणि माणसांच्या थुंकीतून जंतूही लवकर नाहीसे होत होते. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध झाले. एक रेमॉक्स-टीबी, मॉक्सिफ्लॉक्सॅसिनची. दुसरी ऑफ्लोटब, गॅटिफ्लॉक्सॅसिनची, आफ्रिकेतल्या पाच देशांत झालेली. दोन्हींचं मार्जिन सहा होतं.

ऑफ्लोटबचे आकडे मी कुणालाही समोर बसवून दाखवते, कारण मार्जिनबद्दल जे काही शिकायचं ते त्यात आहे. सहा महिन्यांच्या गटात १७.२ टक्के रुग्णांचा शेवट ‘प्रतिकूल’ झाला, चार महिन्यांच्या गटात २१.० टक्के. देशानुसार हिशेब जुळवल्यावर फरक आला ३.५ आणि पट्टा उणे ०.७ पासून ७.७ पर्यंत. वरचं टोक सहाच्या पलीकडे गेलं, म्हणून उपचार नापास.

आता असं समजा की मार्जिन आठ ठरवलं असतं. तोच उपचार, तेच रुग्ण, तेच आकडे, आणि निकाल ‘पास’. अनेक प्रतिजैविकांच्या चाचण्यांत दहाचं मार्जिन सर्रास वापरलं गेलं आहे, तेव्हा आठ काही कुणाला खटकलं नसतं. चार महिन्यांचा उपचार सहा महिन्यांच्या तोडीचा आहे, अशी बातमी झाली असती.

पण ‘प्रतिकूल’ या शब्दाच्या आत काय होतं? त्यात मृत्यू होते, उपचाराला दाद न देणारे रुग्ण होते, रोग पुन्हा उलटलेले होते आणि उपचार मध्येच सोडून गेलेलेही होते. चार महिन्यांच्या गटात उपचार सोडणारे २.७ टक्के होते, सहा महिन्यांच्या गटात ५.० टक्के. छोट्या उपचाराचा हा खरा फायदा. मात्र रोग उलटण्याचं प्रमाण सहा महिन्यांच्या गटात ७.१ टक्के होतं आणि चार महिन्यांच्या गटात १४.६. दुपटीहून अधिक. हे दोन्ही एकाच टोपलीत टाकून वजन केलं, की उपचार कमी सोडल्याचा फायदा रोग उलटल्याच्या तोट्यातून वजा होतो आणि काट्यावर फक्त ३.५ दिसतात. आठचं मार्जिन ठेवणाऱ्याला रोग उलटण्याचं दुप्पट झालेलं प्रमाण दिसलंच नसतं.

म्हणून मार्जिन वाजवी आहे का हे विचारण्याआधी ते कशावर लावलं आहे हे बघावं लागतं. सहा कशातले सहा? मृत्यूतले, रोग उलटण्यातले, की पत्ता बदलल्यामुळे हाती न लागलेल्या रुग्णांसकट सगळ्यातले? जितक्या जास्त गोष्टी टोपलीत, तितका औषधांमधला खरा फरक पातळ होतो आणि ‘फारसा वाईट नाही’ हे सिद्ध करणं सोपं होतं. इतर चाचण्यांत ढिसाळपणा दावा करणाऱ्याच्या विरोधात जातो. इथे तो बहुतेक वेळा त्याच्याच बाजूने जातो. दोन्ही गटांतल्या रुग्णांनी गोळ्या नीट घेतल्याच नाहीत तर दोन्ही गट सारखे दिसतील आणि सारखे दिसणं हाच तर दावा आहे. त्यामुळे निकाल दोन तऱ्हेने मांडलेला असावा: चिठ्ठी टाकून नेमलेल्या सगळ्या रुग्णांचा, आणि ज्यांनी उपचार नीट पूर्ण केला त्यांचा वेगळा. दोन्हीकडे पट्टा मार्जिनच्या आत असेल तरच माझा विश्वास बसतो.

मग सहा हा आकडा आला कुठून? इथे बरेच जण वाट चुकतात. पाठ्यपुस्तकी रीत अशी की जुनं औषध काहीच न देण्यापेक्षा किती चांगलं आहे हे आधी शोधायचं. त्या फायद्याचा मोठा भाग नव्या औषधातही टिकायला हवा, त्यातला थोडाच आपण सोडू. हृदयविकाराच्या औषधांत ही रीत चालते. टीबीत ती आंधळेपणाने लावली तर भलतंच होतं. औषधं येण्यापूर्वी थुंकीत जंतू दिसणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे सत्तर टक्के दहा वर्षांत दगावत असत. त्याच्याशी तुलना केली तर आजच्या उपचाराचा फायदा एवढा प्रचंड, की त्याचा दहावा हिस्सा सोडला तरी मार्जिन सातच्या आसपास जाईल, पाचवा सोडला तर चौदा. कागदावर ते उदार आणि शास्त्रीय दिसेल. पण प्रश्न उपचार द्यायचा की नाही हा नाहीच. प्रश्न शेवटचे दोन महिने काढायचे की नाही हा आहे. म्हणून विचारायला हवं की त्या दोन महिन्यांची कमाई किती.

याचं उत्तर रुग्णांनीच दिलेलं आहे. सिंगापूरमध्ये १९७०च्या दशकात जुन्याच औषधांचे चार आणि सहा महिने ताडून पाहिले गेले, तेव्हा चार महिन्यांवर थांबलेल्यांत रोग उलटण्याचं प्रमाण शंभरात दहाच्या आसपास होतं, सहा महिन्यांवर अगदी मोजकं. त्यानंतर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सर्वांत सौम्य आजाराचे रुग्ण निवडले गेले. फुफ्फुसात पोकळी नाही, एचआयव्ही नाही, दोन महिन्यांनी थुंकी स्वच्छ. त्यांनाही चार महिन्यांवर थांबवल्यावर ७.० टक्क्यांचा रोग उलटला, सहा महिने घेणाऱ्यांत १.६ टक्क्यांचा. फरक ५.४. देखरेख मंडळाने ती चाचणी मुदतीआधीच नव्या रुग्णांसाठी बंद केली.

म्हणजे शेवटच्या दोन महिन्यांची कमाई शंभरात पाच ते दहा. आता सहाचं मार्जिन याच्या शेजारी ठेवून बघा. नव्या औषधाने त्या दोन महिन्यांचं काम भरून काढावं अशी अपेक्षा आहे, आणि मार्जिन जवळजवळ त्या सगळ्या कमाईइतकं आहे. दहाचं मार्जिन घेतलं असतं, तर नवं औषध काहीही न करता, नुसते दोन महिने कापूनही चाचणी पास होऊ शकली असती. अशी चाचणी औषधाची परीक्षाच घेत नाही. माझ्या मते दहा इथे उघडपणे गैर आहे, आणि सहा हा कसाबसा मान्य होण्याजोगा वरचा काठ आहे.

एकीकडे ५.४ चा फरक दिसताच चाचणी थांबवायची आणि दुसरीकडे सहाचं मार्जिन मान्य करायचं, हा विरोध वाटेल. तो पूर्ण विरोध नाही, कारण मार्जिन पट्ट्याच्या टोकाला लावतात, मधल्या आकड्याला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टडी ३१’ या चाचणीचं उदाहरण घेऊ. भारतासह तेरा देशांत ती झाली. मार्जिन ६.६ होतं आणि प्रत्येक गटात पावणेआठशेच्या आसपास रुग्ण हिशेबात होते. प्रतिकूल शेवट साधारण पंधरा टक्के धरला तर एवढ्या रुग्णांत पट्टा मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना साडेतीनच्या आसपास पसरतो. म्हणजे पास व्हायचं तर प्रत्यक्ष दिसलेला फरक जेमतेम तीन असावा लागतो. घडलंही तसंच. रिफापेन्टिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन असलेल्या चार महिन्यांच्या उपचारात फरक १.० आला, पट्टा उणे २.६ ते ४.५, पास. फक्त रिफापेन्टिन असलेल्या उपचारात फरक ३.०, वरचं टोक नेमकं ६.६, नापास. शेवटपर्यंत तपासता आलेल्या रुग्णांत पाहिलं तर या दुसऱ्या उपचाराचा फरक ४.४ निघाला आणि पट्टा १.२ ते ७.७. नीट मोजल्यावर तोटा अधिक दिसला. पहिल्या उपचाराचा मात्र तिथेही पट्टा ५.१ वरच थांबला. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने तो चार महिन्यांचा पर्याय पुढे मान्य केला, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो.

पण ‘मार्जिन मोठं असलं तरी प्रत्यक्षात तीनच मान्य होतात’ या युक्तिवादाचा आधार रुग्णसंख्येवर आहे. प्रत्येक गटात पाच हजार रुग्ण घेतले तर पट्टा अरुंद होऊन दीडच्या आसपास येतो. मग शंभरात पाच जास्त रुग्णांचं नुकसान स्पष्ट दिसत असतानाही तोच उपचार ६.६ च्या आत बसेल. तो जुन्यापेक्षा नक्की वाईट आहे हेही सिद्ध होईल आणि ‘निकृष्ट नाही’ असंही जाहीर होईल. म्हणून मार्जिन तपासताना मी स्वतःला विचारते: खरा फरक नेमका एवढाच आहे असं देवाने येऊन सांगितलं, तर मी माझ्या समोरच्या रुग्णाला हा उपचार देईन का? उत्तर नाही असेल तर मार्जिन मोठं आहे. चाचणी छोटी असल्यामुळे ते टोचत नाही, एवढंच.

उलट बाजूही खरी आहे आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. मार्जिन निम्मं केलं की रुग्णसंख्या चौपट लागते. अडीच हजारांची चाचणी दहा हजारांची होते. टीबीसारख्या गरिबांच्या रोगात तेवढा पैसा कोण घालणार? अवास्तव लहान मार्जिनचा आग्रह धरला तर चांगले उपचार कधी तपासलेच जाणार नाहीत. शिवाय थोडा तोटा स्वीकारण्याजोगा फायदा खरोखर असू शकतो. १९५०च्या दशकात मद्रासमध्ये घरी राहून उपचार घेणारे रुग्ण आणि सॅनेटोरियममधले रुग्ण यांची तुलना झाली. घरचा उपचार थोडा कमी पडला असता तरी तो स्वीकारायला सबळ कारण होतं, कारण बहुतेकांना सॅनेटोरियममध्ये जागाच मिळणार नव्हती. त्यांच्यासाठी दुसरा पर्याय उपचार न मिळणं हा होता. मार्जिन किती मोठं चालेल हे बदल्यात काय मिळतं त्यावर ठरतं, आणि ते प्रस्तावात लिहिलेलं असायला हवं.

‘बदल्यात काय मिळतं’ हा प्रश्न २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रंकेट-टीबीत फार धाडसाने विचारला गेला. तिथे दोन महिन्यांचा उपचार द्यायचा, पूर्ण बरे न वाटणाऱ्यांना थोडा वाढवायचा, मग बारीक लक्ष ठेवायचं आणि रोग उलटला तर पुन्हा पूर्ण उपचार करायचा, अशी सगळी योजनाच तपासली गेली. मोजणी ९६ आठवड्यांनंतर: मृत्यू झाला का, उपचार अजून चालू आहे का, रोग अजून सक्रिय आहे का. मधल्या काळात रोग उलटून पुन्हा बरा झालेला रुग्ण यात ‘चांगला’ धरला गेला. मार्जिन बारा. सहा महिन्यांच्या गटात प्रतिकूल शेवट फक्त ३.९ टक्के निघाला. म्हणजे बाराचं मार्जिन चारचे सोळा व्हायला परवानगी देत होतं. जुन्या उपचाराचा निकाल जितका चांगला, तितकं तेच मार्जिन प्रमाणाने मोठं होतं, हे इथे ठळकपणे दिसतं.

बारा मला जास्त वाटतं. तरीही या चाचणीचं मोल मी नाकारत नाही, कारण त्यातला बेडाक्विलिन आणि लिनेझोलिड असलेला गट केवळ ०.८ ने मागे राहिला आणि त्याचं वरचं टोक ५.१ होतं. बारा सोडा, तो सहातही बसतो. रिफाम्पिसिन-लिनेझोलिडचा गट १३.२ पर्यंत गेला आणि बारातही बसला नाही. निकालाखालचं ‘पास’ किंवा ‘नापास’ न वाचता पट्टा बघून आपलं मार्जिन आपण लावावं, ही सवय लागली की दुसऱ्याने निवडलेल्या आकड्याचं ओझं बरंच कमी होतं. मात्र आपलं मार्जिन निकाल वाचण्याआधी कागदावर लिहावं, नाहीतर आवडत्या औषधासाठी ते आपोआप सैल होतं.

ट्रंकेटच्या विचाराला एक अट चिकटलेली आहे, आणि तिथे माझी खरी काळजी आहे. उलटलेला टीबी बहुधा त्याच औषधांना दाद देतो, पुन्हा बरा होतो, म्हणून तो मृत्यूइतका जड धरू नये हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. पण चाचणीतल्या रुग्णाची थुंकी ठरलेल्या दिवशी तपासली जाते, तो आला नाही तर कुणी घरी जातं. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही उपचार संपल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी अपेक्षित आहे. बीडहून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेल्या माणसाची ती तपासणी कोण करतं? त्याचा खोकला परत आला तर कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत तो कोपीत तसाच राहतो, शेजारी बायको, मुलं, जोडीदार कोयत्याचं कुटुंब. चाचणीत एका रुग्णाचा हिशेबात धरलेला, लवकर पकडलेला रोग इथे तीन घरांत पोचू शकतो. त्यामुळे जे मार्जिन सिंगापूरसारख्या कडक देखरेखीत वाजवी ठरेल, तेच इथे जास्त असू शकतं.

२०१९च्या नव्या औषध आणि चिकित्सालयीन चाचणी नियमांनुसारही नैतिकता समितीत एक सामान्य व्यक्ती असणं बंधनकारक आहे. आमच्याही समितीत होती. संख्याशास्त्राच्या पानावर तिला कधी बोलावंसं वाटलं नाही, कारण ते पान तिच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. माझी मागणी छोटी आहे. ‘आधीच्या चाचण्यांप्रमाणे’ हे कारण कुठल्याही समितीने स्वीकारू नये. आधीच्या चाचणीत ते का निवडलं होतं हेच अनेकदा कुणाला ठाऊक नसतं. शिवाय प्रत्येक नव्या उपचाराची तुलना नुकत्याच पास झालेल्या उपचाराशी होत गेली, तर दर वेळी थोडं थोडं सोडत आपण कुठे पोचलो ते कळणारही नाही. मार्जिनखाली चार वाक्यं असावीत: वगळल्या जाणाऱ्या उपचाराची कमाई किती होती आणि ती कुठून कळली, मार्जिन कशाकशावर लावलं आहे, बदल्यात रुग्णाला काय मिळतं, आणि रोग उलटला तर तो कोण, किती दिवसांत पकडेल.

आणि संमतीपत्रात, प्रवासखर्चाच्या ओळीच्या वर, असं लिहिलेलं असावं: ‘तुम्हाला सहाऐवजी चार महिने गोळ्या घ्याव्या लागतील. त्यामुळे शंभर रुग्णांमागे सहापर्यंत जास्त रुग्णांचा रोग पुन्हा उलटला, तरी हा उपचार चालण्यासारखा आहे असं आम्ही ठरवलं आहे. तुम्हाला ते मान्य आहे का?’